गुलटेकडीची कांदापट्टी : दीडशेचा भाव हातात किती पडतो

"काय रे, कांद्याला काय लागलं?" असं पारावर कुणी विचारलं की आपण एकच आकडा सांगतो. "दीडशे." पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात कांदा दहा किलोवर बोलला जातो, म्हणजे दीडशे याचा अर्थ क्विंटलला पंधराशे. हा आकडा खोटा नसतो. पण तो आपल्या मालातल्या सगळ्यात चांगल्या गोण्यांचा असतो, गाळ्यावरच्या काट्याने दाखवलेल्या वजनावरचा असतो, आणि त्यातून अजून एक रुपयाही वजा झालेला नसतो. त्याच खेपेत घरून निघालेल्या प्रत्येक दहा किलोमागे खिशात किती आलं, हे विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही.

आमची शेती शिरूर तालुक्यात, गुलटेकडीपासून साठेक किलोमीटरवर. माल विकून देणाऱ्या आडत्याकडून मिळालेल्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, म्हणजे पट्ट्या, वडील तारेला ओवून ओटीवर टांगून ठेवायचे. हिशोब माझ्याकडे आला तेव्हा मी ती तार खाली घेतली आणि एकेक पट्टी वहीत उतरवली. तेव्हा कळलं की आम्ही इतकी वर्षं ज्या कपातीवर चिडत होतो ती सगळ्यात छोटी होती. मोठ्या कपाती पट्टीवर लिहिलेल्याच नव्हत्या. ज्यांनी नुकताच बाजाराचा व्यवहार हातात घेतला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फक्त कांद्याबद्दल लिहितो, कारण तेवढंच मी पुरतं जाणतो. पालेभाजीचा शेकडा जुडीचा हिशोब आणि भुसार मालाचा हिशोब वेगळा असतो.

गोणी घरातून निघण्याआधी

पहिलं काम म्हणजे घरी वजन करणं. साधा शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा गावात कुणाकडे ना कुणाकडे असतो. सगळ्या गोण्या तोलणं झालं नाही तरी प्रत्येक प्रतीतल्या चार-पाच गोण्या तोला, त्यांवर मार्करने खूण करा आणि आकडा वहीत लिहा. गोणी ठरवून सारख्या वजनाची भरता आली तर उत्तम. आम्ही पन्नासची भरतो. दहा रिकाम्या गोण्या एकत्र तोलून एका गोणीचं वजनही काढून ठेवा. जाळीची गोणी शंभर ग्रॅमच्या आत भरते, तागाचं बारदान अर्ध्या किलोच्या पुढे जातं. गाळ्यावर कुणी "बारदानाचं वजा केलं" म्हणालं तर किती वजा व्हायला हवं होतं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

दुसरं काम निवडीचं. एक नंबर, मध्यम आणि गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा भरा, आणि कोणत्या प्रतीच्या किती गोण्या गेल्या ते लिहून ठेवा. एक नंबरच्या गोणीत खाली गोल्टी घातली की ती गाळ्यावर लपत नाही. खरेदीदार नमुन्याला गोणी फोडतो, कांदे खाली ओततो, आणि त्या एका गोणीवरून सगळ्या थप्पीचा भाव खाली येतो.

तिसरं, दिवस बघून माल पाठवा. मार्केट यार्डाला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी आवक मोठी असते. शुक्रवारी विकला न गेलेला माल शनिवारभर गाळ्यावर पडून राहतो आणि रविवारी ताज्या मालाशेजारी शिळा दिसतो.

भाडं ठरवताना विचारायचा एक प्रश्न

स्वतःचा टेम्पो भरण्याइतका माल नसेल तर आपण हुंडेकऱ्याकडे देतो. तो पाच-सहा जणांचा माल गोळा करतो, गोणीमागे भाडं घेतो, रात्री गाळ्यावर पोचवतो आणि दुसऱ्या दिवशी पट्टी आणून देतो. सोय चांगली आहे. पण भाडं ठरवताना विचारून घ्या, "दादा, हे वाराईसकट की वाराई वेगळी?"

वाराई म्हणजे गाडीवरून माल उतरवून घेण्यापोटी गाडीवाल्याकडून घेतली जाणारी रक्कम. गाडीवाला ती स्वतःच्या खिशातून सहसा भरत नाही, भाड्यात धरतो किंवा वेगळी मागतो. इकडे आपल्या पट्टीत हमाली लागलेलीच असते. म्हणजे एकाच उतराईचे पैसे दोन वाटांनी आपल्याकडूनच जाऊ शकतात, आणि एक वाट पट्टीत दिसते तर दुसरी भाड्यात लपते. भाडं सगळं धरून ठरलं असेल तर वहीत तसं लिहा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

भाडं कोण देणार तेही तेव्हाच ठरवा. बहुतेक वेळा आडत्या गाळ्यावर गाडीवाल्याला भाडं देतो आणि पट्टीतून कापतो. आपण घरी काही रक्कम आधी दिली असेल तर ती गाडीवाल्याच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर पट्टीत पूर्ण भाडं लागून येतं.

गाळ्यावर : भाव आणि तोल

टेम्पो रात्री पोचतो. हमाल गोण्या उतरवून गाळ्यासमोर थप्पी लावतात, सकाळी खरेदीदार फिरतात, माल फोडून बघतात आणि आडत्याशी भाव ठरतो. पहिल्या दोन-तीन खेपांना तरी मालाबरोबर स्वतः जा. भाव ठरताना आपण शेजारी उभे असलो तर एवढं तरी कळतं की थप्पी एका खरेदीदाराला गेली की तिघांना, आणि कोणत्या प्रतीला काय लागलं.

भाव खरा आहे का हे पडताळायला दोन सोप्या वाटा आहेत. बाजार समिती रोजचे किमान आणि कमाल दर जाहीर करते. पणन मंडळाच्या msamb.com या संकेतस्थळावरही ते येतात, तिथे क्विंटलचा दर असतो, म्हणून आपल्या दहा किलोच्या भावाला दहाने गुणून तुलना करायची. दुसरी वाट जास्त खात्रीची आहे. त्याच दिवशी त्याच गाळ्यावर गावातल्या आणखी कुणाचा माल गेला असेल तर दोघांच्या पट्ट्या शेजारी ठेवा. सारखा माल असून दहा-पंधरा रुपयांचा फरक पडला तर कारण विचारायला हवं.

आता तोल. मापाडी गोणी काट्यावर ठेवतो, आकडा मोठ्याने बोलतो, शेजारी उभा असलेला तो चिठ्ठीवर उतरवतो. "एकोणपन्नास पाचशे... एकोणपन्नास आठशे... पन्नास..." हा आवाज चालू असतो तोवर आपली नजर काट्याच्या दिव्यांवर हवी. रिकाम्या काट्यावर शून्य आहे का, आणि बोललेला आकडा चिठ्ठीवर तसाच उतरतो का, एवढंच बघायचं. खूण केलेली गोणी आली की वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. रात्रभराच्या प्रवासात थोडी घट येते, ती मान्य करायची. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते.

स्वतः जाणं झालं नाही तर निदान तोलाची चिठ्ठी पट्टीसोबत मागवा. गोणीवार वजनं लिहिलेली ती चिठ्ठी पट्टीइतकीच महत्त्वाची आहे. का, ते पुढे कळेल.

पट्टी वाचायची कशी

आमच्या घरची एक पट्टी उदाहरणाला घेतो. उन्हाळी कांदा, साठ गोण्या, घरी तोललेलं वजन ३,००० किलो. भाडं, हमाली आणि मजुरीचे दर गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे माझे आकडे तुमचे समजू नका. आकडेमोडीची रीत तेवढी उचला.

एक नंबर : ३६ गोण्या, १,७८२ किलो, भाव १५० = २६,७३० रुपये
मध्यम : १६ गोण्या, ७८४ किलो, भाव १२० = ९,४०८ रुपये
गोल्टी : ८ गोण्या, ३८४ किलो, भाव ७० = २,६८८ रुपये
एकूण : २,९५० किलो, ३८,८२६ रुपये
हमाली : ६० गोण्या, ८ रुपयांप्रमाणे = ४८०
तोलाई : ६० गोण्या, ३ रुपयांप्रमाणे = १८०
मोटारभाडे : ६० गोण्या, ४५ रुपयांप्रमाणे = २,७००
उचल : १,०००
निव्वळ देणे : ३४,४६६ रुपये

सगळ्यात आधी उचल बाजूला काढा. आठवड्यापूर्वी वडिलांनी गाळ्यावरून औषधासाठी हजार रुपये घेतले होते, ते इथे वळते झाले. ती बाजाराची कपात नाही, आपलेच आधी घेतलेले पैसे आहेत. ती खर्चात धरली की बाजार आहे त्यापेक्षा महाग वाटतो. उलट उचल घेतलेली असली की माणूस पट्टीवर प्रश्न विचारायला कचरतो, हे मात्र मी घरात पाहिलं आहे. त्यामुळे उचलीचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा. उचल सोडली तर या पट्टीतला खर्च ३,३६० रुपये, आणि खर्च जाऊन रक्कम ३५,४६६.

या पट्टीत आडत, म्हणजे माल विकून देण्याबद्दलचा आडत्याचा टक्का, नाही, आणि ती नसायलाच हवी. जुलै २०१६ पासून राज्यात फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा यांची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याआधीच्या आमच्या पट्ट्यांवर पहिलीच ओळ आडतीची असायची. म्हणून आज कांद्याच्या पट्टीवर टक्क्यांत कापलेली कुठलीही रक्कम दिसली, मग तिला आडत म्हणा, कमिशन म्हणा की नुसतं "इतर" म्हणा, तर तिथे बोट ठेवून विचारा. आडत आता खरेदीदार भरतो म्हणजे ती हवेत विरली असंही समजू नका. गाळ्यावर उभा असलेला खरेदीदार आडत, त्याच्या बाजूची हमाली आणि बाजार फी मनात धरूनच भाव बोलतो. फरक एवढा की आता हातात येणाऱ्या रकमेतून कुणी टक्का काढून घेऊ शकत नाही, आणि काढला तर तो दिसतो.

हमाली आणि तोलाई ही गोणीवर लागते. तिचे दर कुणा एका गाळेवाल्याच्या मर्जीचे नसतात, हमालांच्या आणि तोलणारांच्या संघटना, व्यापारी आणि बाजार समिती यांच्या बोलणीतून ठरलेले असतात. समितीच्या कार्यालयात चालू दर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हमाली कमी करा म्हणून गाळ्यावर हमालाशी वाद घालणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. पन्नास किलोची गोणी पाठीवरून उतरवायचे आठ रुपये जास्त नाहीत, आणि आपलं नुकसान तिथे होतही नाही. बघायचं ते एवढंच की गोण्यांची संख्या बरोबर आहे का आणि एकच काम दोन नावांनी दोनदा लागलं नाही ना.

आणखी एक नाव ओळखून ठेवा. वटाव. पैसे लगेच रोख देतो म्हणून शेकड्यामागे काही रक्कम कापून घेणं. विकलेल्या मालाची रक्कम त्याच दिवशी देणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे, त्याबद्दल कापायचं काही कारण नाही. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने चालणाऱ्या या बाजारात मंजूर नसलेली कपात करता येत नाही.

न लिहिलेली कपात

आता याच पट्टीतल्या वजनाकडे बघा. घरून ३,००० किलो निघालं, पट्टीवर २,९५० आलं. पन्नास किलो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, प्रवासात घट आली असेल. मग प्रतवार भागाकार करून बघितला. एक नंबरची गोणी सरासरी साडेएकोणपन्नास, मध्यमची बरोबर एकोणपन्नास, गोल्टीची बरोबर अठ्ठेचाळीस. घरी तिन्ही पन्नासच्या होत्या.

घट आली तर ती सगळ्या गोण्यांना कमीजास्त सारखी येते. एका थप्पीला अर्धा किलो, दुसरीला एक आणि तिसरीला नेमके दोन किलो अशी ठरवून येत नाही. गोणीचं म्हणाल तर साठ जाळीच्या गोण्या मिळून सहा किलोही भरत नाहीत. तोलाची चिठ्ठी मागवली. गोल्टीच्या आठही गोण्यांपुढे "४८" लिहिलेलं होतं. आठ गोण्यांपैकी एकही साडेसत्तेचाळीस नाही, एकही अठ्ठेचाळीस दोनशे नाही. हाताने भरलेल्या आठ गोण्या ग्रॅमावर सारख्या भरतच नाहीत. सगळ्या ओळीत एकच गोल आकडा दिसला की समजायचं, काट्याने दाखवलेलं वजन लिहिलेलं नाही, त्यातून काही कापून उरलेलं लिहिलेलं आहे.

गाळ्यावर जाऊन विचारलं. तिथला हिशोब लिहिणारा मेहता म्हणाला, "गोल्टीत मातेरं असतं दादा, दोन किलो कडता धरतातच."

मी म्हणालो, "मग पट्टीवर तसं लिहून द्या, दोन किलो कडता म्हणून."

लिहून दिलं नाही. पण पुढच्या खेपेपासून चिठ्ठीवर गोणीची खरी वजनं, ग्रॅमासकट, यायला लागली. मातेरं असेल तर खरेदीदाराने त्या हिशोबाने भाव कमी बोलावा, ते आपल्याला दिसतं आणि पटलं नाही तर नाही म्हणता येतं. वजनातून गुपचूप कापलेलं दिसत नाही.

पन्नास किलोची किंमत किती होते तेही काढून बघा. या खेपेचा सरासरी भाव दहा किलोला १३१ रुपये ६१ पैसे पडला होता. म्हणजे पन्नास किलो म्हणजे ६५८ रुपये. याच पट्टीतली हमाली आणि तोलाई मिळून ६६० आहे. ज्या दोन ओळींवर आम्ही वर्षानुवर्षं कुरकुरत होतो, तेवढीच आणखी रक्कम कुठेच न लिहिता गेली होती.

घरचा खर्च मिळवल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही

पट्टीवर फक्त बाजाराचा खर्च येतो. माल विकायला तयार करण्याचा खर्च घरीच राहतो आणि बहुतेक जण तो विसरतात. वरच्या खेपेला आमचा असा झाला : साठ जाळीच्या गोण्या ८४० रुपये, कांदाचाळीतून काढून निवडायला आणि भरायला तीन बाया दोन दिवस २,१०० रुपये, शेतावर टेम्पो भरायची मजुरी ४८० रुपये, माझं जाणं-येणं २०० रुपये. मिळून ३,६२०. पट्टीतल्या सगळ्या खर्चापेक्षा हा जास्त आहे. घरच्या माणसांनी भरलं तरी त्यांची मजुरी धरा, नाहीतर पुढे तुलना करताना चुकतं.

मग एकच भागाकार उरतो.

हाती पडलेला दर = (ढोबळ रक्कम − पट्टीतला खर्च − घरचा खर्च) ÷ घरून निघालेलं वजन

३८,८२६ मधून ३,३६० आणि ३,६२० गेले, उरले ३१,८४६. भागिले ३,००० किलो, म्हणजे किलोला १० रुपये ६२ पैसे, दहा किलोला १०६ रुपये. भागताना पट्टीवरचं वजन घेऊ नका, घरून निघालेलं घ्या, म्हणजे वजनातली तूट आपोआप हिशोबात येते.

पारावर सांगितले दीडशे, हातात पडले एकशे सहा. मधले चव्वेचाळीस रुपये कुठे गेले ते उतरत्या क्रमाने सांगतो. अठरा रुपयांहून थोडे जास्त मध्यम आणि गोल्टीच्या कमी भावात गेले, बारा घरच्या तयारीत, नऊ भाड्यात, हमाली-तोलाई मिळून सव्वादोनच्या आत आणि वजनातल्या तुटीत तेवढेच. म्हणून माझा भर आता निवडीवर आणि भाड्यावर असतो. दोघा शेजाऱ्यांनी मिळून टेम्पो पूर्ण भरला आणि गोणीमागे पाच रुपये वाचवले तरी दहा किलोला एक रुपया हातात राहतो. हमाली-तोलाईत तेवढं वाचायचं तर ती जवळजवळ निम्मी करावी लागेल, आणि ते होणार नाही, होऊही नये.

भाव पडतो तेव्हा

या खर्चाचा एक स्वभाव नवख्या माणसाने नीट समजून घ्यावा. जवळजवळ सगळा खर्च गोणीवर लागतो, किमतीवर नाही. कांदा दीडशेने जावो की पंचाहत्तरने, गोणी उतरवायला तेवढेच पैसे लागतात. वरचीच खेप निम्म्या भावात काढून बघा. ढोबळ रक्कम १९,४१३, खर्च तोच ६,९८०, उरले १२,४३३. दहा किलोला एक्केचाळीस रुपये. भाव निम्मा झाला, पण हातात निम्म्याहून बरंच कमी आलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी राज्यभर गाजली होती. दहा गोण्या, ५१२ किलो कांदा, किलोला एक रुपया भाव, आणि साडेपाचशेच्या आतल्या त्या रकमेतून भाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५० पैसे वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश. लोकांना तो आकडा अविश्वसनीय वाटला. पण गोणीमागे एक्कावन्न रुपये खर्च साधाच आहे. भाव तिथवर खाली आला की पट्टी अशीच निघते.

यासाठी प्रत्येकाने आपला एक आकडा काढून ठेवावा. वरच्या खेपेचा एकूण खर्च ६,९८०, साठ गोण्यांवर वाटला तर गोणीला ११६ रुपये, म्हणजे दहा किलोला २३ रुपये २७ पैसे. ज्या प्रतीचा भाव याच्या आसपास येईल ती प्रत गाडीत चढवायची नाही. दीडशेच्या बाजारात गोल्टीला सत्तर मिळाले, गोणीला ३३६ रुपये, खर्च जाऊन २२० उरले, म्हणून ती पाठवणं ठीक होतं. एक नंबर पन्नासवर आला की गोल्टी वीस-बावीसच्या आसपास येते. मग ती गाडीत घालणं म्हणजे घरातून पैसे घालून पाठवणं. गोणीत एकदा भरली, मजुरी दिली की मग हा विचार करून उपयोग नसतो. हा आकडा भरणी सुरू होण्याआधी बघायचा.

बांधावरच्या भावाशी तुलना

त्याच आठवड्यात एक व्यापारी चाळीवर आला होता. "एकशे आठने सरसकट देता का? बारदान माझं, भरायला माणसं माझी." काका लगेच म्हणाले, "बाजारात दीडशे चाललाय, एकशे आठने कशाला देतोस?"

दीडशे आणि एकशे आठ यांची तुलनाच होत नाही. तुलना एकशे सहाची आणि एकशे आठची आहे, आणि तशी केली तर व्यापाऱ्याचा भाव दोन रुपये जास्त होता. आम्ही तरी गुलटेकडीलाच पाठवला, त्याची दोन कारणं होती. व्यापारी "सरसकट" म्हणाला होता, पण गोल्टी घेणार का असं विचारल्यावर "ती बाजूला काढू" म्हणाला. आणि पैसे आठ दिवसांनी देणार होता. यार्डातला आडत्या परवानाधारक असतो, त्याच्यावर बाजार समिती असते, पट्टी हातात असते. चाळीवरून निघून गेलेल्या टेम्पोमागे फक्त शब्द असतो. त्या व्यापाऱ्याने गोल्टीसकट आणि जागेवर पैसे म्हटलं असतं तर मी माल तिथेच दिला असता. चाकणच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजाराशी तुलना करायची तरी रीत हीच : तिथलं भाडं, तिथली गोणीमागची कपात घालून हाती पडणारा दर काढायचा आणि मग दोन निव्वळ आकडे शेजारी ठेवायचे. फक्त त्या बाजारात भाव दहा किलोचा बोलतात की क्विंटलचा, ते आधी विचारून घ्या.

पट्टीत चूक दिसली तर

आधी गाळ्यावरच जा, पट्टी, तोलाची चिठ्ठी आणि घरची वही घेऊन. निम्म्याहून जास्त चुका लिहिण्यातल्या असतात. गोण्यांचा आकडा चुकलेला असतो, दुसऱ्याचं भाडं लागलेलं असतं, आणि त्या तिथल्या तिथे दुरुस्त होतात. दुरुस्ती पट्टीवर लिहून, सही करून घ्या. तोंडी "पुढच्या पट्टीत बघू" यावर सोडू नका, कारण पुढच्या पट्टीत ते बघायला आपणच विसरतो.

तिथे ऐकलं नाही तर यार्डातच बाजार समितीचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात रागाचे शब्द नकोत. तारीख, गाळा, पट्टी क्रमांक, गोण्या, घरचं वजन, पट्टीवरचं वजन आणि फरक, एवढं पुरतं. काट्याबद्दलच तक्रार असेल तर ती वैधमापनशास्त्र विभागाकडे जाते. समितीकडून उत्तर आलं नाही तर पुढे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे, आणि त्यावर पणन संचालकांकडे. पणन संचालकांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आमच्या वहीत आता खेपेला एक पान असतं. डावीकडे घरून निघालेलं वजन आणि घरचा खर्च, उजवीकडे पट्टीवरून उतरवलेले आकडे, खाली एकच ओळ, दहा किलोला हाती किती. वडील अजून पट्टी तारेला ओवतात, पण आधी ती वहीत उतरवली का ते विचारून.